लॉक-इन नेमका कधी संपतो? इंदूरच्या एका भाडेकराराचं प्रकरण

ताईच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये १४ फेब्रुवारी २०२५ या तारखेवर तिनं तीन वर्षांपूर्वी एक नोंद करून ठेवली होती: "लॉक-इन संपला." लॉक-इन म्हणजे करारातली अशी मुदत, जी संपेपर्यंत भाडेकरूला जागा सोडता येत नाही. त्या एका नोंदीच्या भरवशावर डिसेंबर २०२४ मध्ये ती क्लिनिक हलवायला निघाली होती.

माझी मोठी बहीण फिजिओथेरपिस्ट आहे. अन्नपूर्णा रोडवर पहिल्या मजल्यावर तिचं क्लिनिक आहे. इमारतीची लिफ्ट वरचेवर बंद पडते, आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला जिना चढून व्यायामाला बोलावणं तिला पटत नव्हतं. सुदामा नगरात तळमजल्यावरची एक जागा तिच्या नजरेत आली. तिनं मालकांना फोन केला, "मार्चपासून जागा सोडते." सियागंजमध्ये त्यांचं दुकान आहे, माणूस बोलायला सौम्य. ते म्हणाले, "भाभीजी, एक बार एग्रीमेंट देख लीजिए." त्या रात्री ती फाइल घेऊन माझ्याकडे आली. मी एका कर सल्लागाराच्या कार्यालयात हिशेब पाहतो, त्यामुळे घरातले सगळे कागद शेवटी माझ्या टेबलावर येतात.

फाइलमध्ये चार कागद होते. एक वकिलानं ईमेलनं पाठवलेला मसुदा, एक नोंदणी झालेला करार, एक पानभर ताबापत्र, आणि डिपॉझिटची पावती. ताईनं कॅलेंडरमधली तारीख मसुद्यावरून घेतली होती. मसुद्याच्या पहिल्याच ओळीत १४ फेब्रुवारी २०२२ होतं आणि लॉक-इन छत्तीस महिन्यांचा होता, म्हणून तिनं सरळ तीन वर्षं मिळवली. हा हिशेब जवळजवळ प्रत्येक भाडेकरू असाच करतो, आणि बहुतेक वेळा तो चुकतो. सही कधी झाली, जागा ताब्यात कधी आली आणि भाडं कधी सुरू झालं, या तीन वेगळ्या तारखा असतात. करारातली प्रत्येक मुदत यांपैकी कुठल्या तरी एकीवरून मोजलेली असते आणि कुठल्या एकीवरून, ते व्याख्यांच्या कलमात दडलेलं असतं.

म्हणून मी आधी मसुदा बाजूला ठेवला. पाच वर्षांचा करार म्हणजे एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०७ नुसार तो नोंदणीकृत दस्तानंच करता येतो. तेव्हा तारखा काढायच्या त्या नोंदणी झालेल्या प्रतीवरून, आणि त्यानंतर दोघांनी सही केलेल्या प्रत्येक पत्रावरून. या प्रकरणात असं पत्र एकच होतं, ताबापत्र, आणि सगळी गंमत त्यातच निघाली.

करारात जागेचा ताबा १ मार्च २०२२ ला देण्याचं ठरलं होतं. पण विजेचं स्वतंत्र मीटर बसायला उशीर झाला आणि प्रत्यक्ष ताबा १९ मार्चला मिळाला. ताबापत्रावर दोघांच्या सह्यांखाली तीच तारीख होती. करारातली "हँडओव्हर डेट"ची व्याख्या सांगत होती की ही तारीख म्हणजे ताबापत्रावरची तारीख, ठरलेली नव्हे. पाच वर्षांची मुदत या तारखेपासून. फर्निचर आणि मशीन बसवण्यासाठी पंचेचाळीस दिवस बिनभाड्याचे, तेही या तारखेपासून. "रेंट कमेन्समेंट डेट" म्हणजे ते पंचेचाळीस दिवस संपल्यावरचा पुढचा दिवस. आणि लॉक-इन? तो सहीपासून नव्हता आणि ताब्यापासूनही नव्हता. छत्तीस महिने, रेंट कमेन्समेंट डेटपासून.

वहीवर बोटं मोजत मी ते लिहून काढलं. १९ मार्चनंतरचे मार्चातले बारा दिवस, एप्रिलचे तीस, म्हणजे बेचाळीस. उरलेले तीन मे महिन्यातले. ३ मे २०२२ ला बिनभाड्याची मुदत संपली आणि ४ मे पासून भाडं सुरू झालं. भाडं सुरू झाल्याची तारीख ताईच्या बँक खात्यातून गेलेल्या पहिल्या भाड्याशीही जुळली. त्यावरून छत्तीस महिने म्हणजे लॉक-इन ३ मे २०२५ ला संपणार होता. फोनमधल्या नोंदीपेक्षा जवळजवळ अकरा आठवडे उशिरा.

पण एवढ्यावर भागलं नाही. करार संपवण्याच्या कलमात असं होतं की लॉक-इनची मुदत संपल्यानंतर भाडेकरू तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन जागा सोडू शकतो. हे वाक्य दोन प्रकारे वाचता येतं. एक वाचन असं की नोटीस आधी दिली तरी चालेल, फक्त ती लॉक-इन संपल्यावर पुरी व्हावी. दुसरं असं की नोटीस द्यायचा अधिकारच लॉक-इन संपल्यावर सुरू होतो. करारात "संपल्यानंतर" हा शब्द "देऊन"च्या आधी आणि "सोडू शकतो"च्याही आधी असल्यामुळे दुसरं वाचन मालकांच्या बाजूनं जातं. यादी करताना अशा ठिकाणी मी नेहमी आपल्याला जड जाणारं वाचन धरतो. हलकं वाचन खरं ठरलं तर आनंदच आहे, पण खर्चाची तयारी जड वाचनाची हवी. त्या वाचनानं ताई नोटीस देऊ शकत होती ती लवकरात लवकर ४ मे २०२५ ला आणि बाहेर पडू शकत होती ४ ऑगस्टला.

फेब्रुवारीअखेर ती किल्ली देऊन निघाली असती तर काय झालं असतं, ते आम्ही त्याच रात्री मांडलं. भाडं महिना ४२,००० रुपये. मार्च आणि एप्रिलचे ८४,०००. मेच्या पहिल्या तीन दिवसांचे सुमारे ४,०००. ४ मे पासून भाड्यात पंधरा टक्के वाढ, म्हणजे ४८,३०० रुपये, ते नोटिशीचे तीन महिने, १,४४,९००. एकूण सुमारे २ लाख ३३ हजार. तिचं डिपॉझिट होतं २,५२,०००. म्हणजे नव्या जागेच्या डिपॉझिटसाठी ज्या रकमेवर ती विसंबून होती, ती जवळजवळ सगळी जुन्या जागेतच अडकली असती. भारतीय करार अधिनियमाच्या कलम ७४ नुसार न्यायालय करारात लिहिलेली दंडाची रक्कम डोळे झाकून देववत नाही, वाजवी भरपाईच देववतं. पण ते न्यायालयात गेल्यावर. डिपॉझिट मालकांच्या हातात असतं आणि वजावट तेच आधी करतात, ही वस्तुस्थिती आहे.

ताईनं सुदामा नगरची जागा सोडून दिली. तिला वाईट वाटलं, मलाही वाटलं. मग जानेवारीच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघं तो करार पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला बसलो, या वेळी यादी करायची म्हणून.

वाचण्याची रीत साधी होती, पण ती पाळली नसती तर अर्ध्या तारखा निसटल्या असत्या. नोंदणीकृत प्रतीचं स्कॅन म्हणजे फोटोच, त्यात शब्द शोधता येत नाही. शोधता आला असता तरी "लॉक-इन" एवढाच शब्द शोधून उपयोग नव्हता. मी ताईला पेन्सिल दिली आणि म्हटलं, जिथं जिथं "दिवस", "महिने", "पूर्वी", "नंतर", "च्या आत", "पासून" दिसेल तिथं खूण कर. अर्थ लावू नकोस, फक्त खूण कर. चौदा पानांत एकोणतीस खुणा झाल्या. लॉक-इनचा उल्लेख व्याख्येत, मुदतीच्या कलमात, करार संपवण्याच्या कलमात आणि परिशिष्टात असा चार जागी विखुरलेला होता. डिपॉझिटचं तर मुख्य कलम एक आणि त्याला छेद देणारी ओळ दुसरीकडेच.

दुसऱ्या फेरीत प्रत्येक खुणेपाशी एकच प्रश्न विचारला: ही मुदत कुठून मोजायची? एकोणतीसपैकी बऱ्याच खुणा अशा निघाल्या ज्यांना तारीख येतच नाही. "भाडं दर महिन्याच्या सात तारखेपर्यंत", "भाडं थकल्यास पंधरा दिवसांची नोटीस" यांचं घड्याळ एखादी घटना घडली तरच सुरू होतं. त्यांना यादीत वेगळं ठेवलं, तारखेच्या रकान्यात "घटना घडल्यास" असं लिहून. उरल्या त्यांत पैशाशी किंवा जागेशी खरा संबंध असलेल्या नऊ. वहीवर रकाने पाडून मग त्या संगणकावर घेतल्या.

एक ओळ कशी दिसते ते दाखवतो, कारण माझ्या मते यादीचं सगळं मोल या रकान्यांत आहे:

> काय: नूतनीकरणाची लेखी नोटीस
> कलम आणि शब्द: कलम ४.२, "मुदत संपण्यापूर्वी किमान सहा महिने, लेखी, भाडेकरूच्या इच्छेनुसार"
> आधार तारीख: ताबा, १९ मार्च २०२२
> मोजणी: अधिक ६० महिने, उणे १ दिवस, मग उणे ६ महिने
> शेवटची तारीख: १८ सप्टेंबर २०२६
> कामाची तारीख: २४ ऑगस्ट २०२६
> कोणी: ताई
> पुरावा: (रिकामं)

नुसती तारीख लिहिलेली नोंद म्हणजे ताईच्या फोनमधली ती जुनी नोंदच. ती चुकीची आहे हे तिच्याकडे पाहून कधीच कळलं नसतं, कारण ती कुठून आली हेच तिच्यात नव्हतं. मोजणी आणि आधार तारीख शेजारी असेल तर कोणीही अर्ध्या मिनिटात तपासू शकतो, अगदी मालकसुद्धा. आणि ते पुढे खरोखरच घडलं, त्याकडे येतोच.

मोजणी शीटवर केली ती अशी. B2 मध्ये ताब्याची तारीख, बाकी सगळं तिच्यावरून:

```
B3  =B2+46            
B4  =EDATE(B3,36)-1   
B5  =EDATE(B2,60)-1   
B6  =EDATE(B5,-6)     
```

B3 म्हणजे भाडं सुरू होण्याचा दिवस, B4 लॉक-इनचा शेवट, B5 मुदतीचा शेवट, B6 नोटिशीची शेवटची तारीख. EDATE महिने मोजतं, दिवस नव्हे, आणि करारात "महिने" लिहिलं असेल तर महिनेच मोजावेत. तीन महिने आणि नव्वद दिवस एक नाहीत: ४ मे पासून तीन महिने म्हणजे ४ ऑगस्ट, नव्वद दिवस म्हणजे २ ऑगस्ट. उलट आधार तारीख महिन्याची ३१ असेल आणि पुढचा महिना छोटा असेल, तर EDATE त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसावर थांबतं. असं कुठं होत असेल तर तारीख हातानं पाहून घ्यावी.

इथं एक चूक माझ्याकडून होता होता राहिली. पडताळा म्हणून मी भाड्याची तारीख हातानंही टाकली, 04-05-2022. शीटची भाषा अमेरिकेची होती, त्यामुळे त्यानं ती ५ एप्रिल समजली. गमतीचा भाग असा की 19-03-2022 टाकल्यावर त्याला एकोणिसावा महिना सापडला नाही, म्हणून ती तारीख नुसता मजकूर म्हणून बसली आणि बेरजेच्या जागी चूक दाखवू लागली. म्हणजे एक चूक ओरडली आणि दुसरी गप्प बसली. गप्प बसलेली जास्त घातक. तेव्हापासून मी शीटच्या सेटिंगमध्ये देश भारत करतो आणि तारखेचं रूप dd-mmm-yyyy ठेवतो, म्हणजे महिन्याचं नाव अक्षरांत दिसतं आणि मे आणि एप्रिलची अदलाबदल लगेच डोळ्यांत भरते.

मुदतीच्या शेवटाच्या बाबतीत आणखी एक बारीक गोष्ट. "अमुक तारखेपासून साठ महिने" असं लिहिलेलं असेल तर तो पहिला दिवस धरायचा की सोडायचा? मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम ११० सांगतं की मुदत एखाद्या दिवसापासून सुरू होते असं म्हटलं असेल तर तो दिवस मोजणीतून वगळायचा, आणि मुदत वर्षांत असेल तर वर्धापनदिन पूर्ण होईपर्यंत भाडेपट्टा चालू राहतो. त्या हिशेबानं करार १९ मार्च २०२७ ला संपतो, माझ्या शीटमध्ये १८ मार्च. मी १८ च ठेवली. यादीत आपण जे काम वेळेआधी करायचं त्यासाठी अलीकडची तारीख धरायची. एका दिवसावर भांडायची पाळी आली तर कलम ११० आहेच.

आता नूतनीकरण. या एका शब्दाखाली करारांमध्ये दोन अगदी वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. "दोघांच्या संमतीनं नूतनीकरण करता येईल" असं लिहिलं असेल तर भाडेकरूच्या हातात काहीच नाही. ती बोलणी सुरू करण्याची आठवण फक्त. "भाडेकरूच्या इच्छेनुसार" असं असेल तर तो खरा अधिकार, पण त्याच्या अटी पाळल्या तरच. ताईच्या करारात दुसरा प्रकार होता, आणि अटी तीन: किमान सहा महिने आधी, लेखी, आणि त्या वेळी भाडं थकलेलं नसावं. यातली एकही सुटली तर अधिकार गेला. मग मालक म्हणतील ते भाडं. म्हणून या ओळीवर तीन आठवणी लावल्या, एक नाही. जून २०२६ मध्ये आजूबाजूच्या जागांचं भाडं पाहून निर्णय घेणं. ऑगस्टच्या सुरुवातीला मालकांबरोबर थकबाकीचा ताळमेळ घालून लेखी घेणं. २४ ऑगस्टला नोटीस देणं.

२४ ऑगस्ट का? २०२६ मध्ये गणपती १४ सप्टेंबरला बसणार. १८ सप्टेंबर ऐन गणपतीत येते, आणि आमच्याकडे त्या दिवसांत कोणी कागदाला हात लावत नाही. शिवाय करारात नोटीस "मिळाली" पाहिजे असं आहे, "पाठवली" असं नाही. नोटीस रजिस्टर्ड पोस्टानं किंवा हातोहात, असं कलमात लिहिलेलं. २०२५ मध्ये टपाल खात्यानं रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं, त्यामुळे करारातला तो शब्द आता कसा पाळायचा, हा प्रश्न उरतो. यावर वाद नको म्हणून आम्ही ठरवलंय की स्पीड पोस्टही करायचं आणि सियागंजला जाऊन दुसऱ्या प्रतीवर मालकांची "मिळाली" अशी सही आणि तारीखही घ्यायची. त्या सहीचा फोटो "पुरावा" या रकान्यात. तो रकाना भरेपर्यंत ओळ संपली असं धरायचं नाही.

नोटीस वेळेत गेली म्हणजे नवा करार झाला असं मात्र नव्हे. पुढचा करारही पाच वर्षांचा, म्हणजे त्याचीही नोंदणी, मध्य प्रदेशात संपदा पोर्टलवर दस्त तयार करून, मुद्रांक शुल्क भरून. ते १८ मार्च २०२७ च्या आत व्हायला हवं. मधे खंड पडला, ताई तशीच बसून राहिली आणि मालक भाडं घेत राहिले, तर कलम ११६ नुसार क्लिनिकसारख्या वापरासाठी तो महिन्या-महिन्याचा भाडेपट्टा ठरतो, आणि वेगळं काही ठरलेलं नसेल तर तो पंधरा दिवसांच्या नोटिशीनं संपवता येतो. राज्याचा भाडे नियंत्रण कायदा त्यात काय आडकाठी घालेल, हा वकिलाचा प्रश्न. यादीत मी एवढंच लिहिलं: "१५ जानेवारी २०२७, नवा दस्त संपदावर तयार आहे का?"

डिपॉझिटनं सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. ताईच्या मनात डिपॉझिट म्हणजे एकच गोष्ट होती, जाताना परत मिळणारे २,५२,०००. करारात मात्र त्याला चार बाजू होत्या. पहिली, ते "नेहमी चालू भाड्याच्या सहा महिन्यांइतकं" असलं पाहिजे. हे वाक्य डिपॉझिटच्या कलमात नव्हतं, व्याख्येत होतं. म्हणजे ४ मे २०२५ ला भाडं ४८,३०० झालं की डिपॉझिट २,८९,८०० व्हायला हवं, आणि फरकाचे ३७,८०० भाडेवाढीपासून पंधरा दिवसांच्या आत, १९ मे पर्यंत भरायला हवेत. भाडेवाढ सगळ्यांच्या लक्षात असते. तिच्या मागून येणारी ही रक्कम कोणाच्याच लक्षात नसते. ती न भरणं म्हणजे कराराचा भंग, आणि भंग असेल तर नूतनीकरणाची तिसरी अट धोक्यात. जानेवारीत कळल्यामुळे ताईनं चार महिन्यांत ती रक्कम बाजूला काढली आणि १२ मे ला भरली. पावती घेतली. पावतीवर मालकांनी नुसतं "भाडं" लिहिलं होतं, ते बदलून "सुरक्षा ठेव वाढ" असं लिहून घेतलं.

दुसरी बाजू, जागा सोडण्यापूर्वी तीस दिवस दोघांनी मिळून पाहणी करायची आणि दुरुस्त्यांची यादी लिहायची. ही तारीख जागा कधी सोडणार त्यावर ठरते. १८ मार्च २०२७ धरली तर १६ फेब्रुवारी. पाहणी झाली नाही तर मालकांनी नंतर दाखवलेली प्रत्येक भेग भाडेकरूच्या माथी येते. तिसरी, विजेची आणि मालमत्ता कराची थकबाकी नसल्याचे कागद. यांना तारीख नाही, पण पाहणीच्या ओळीलाच जोडून ठेवले.

चौथी बाजू अजून सुटलेली नाही. मुख्य कलम म्हणतं डिपॉझिट ताबा परत देताना "त्याच वेळी" परत. परिशिष्ट म्हणतं पंचेचाळीस दिवसांच्या आत, म्हणजे २ मे २०२७ पर्यंत. दोहोंत विसंगती असेल तर कोणतं खरं, हे सांगणारं कलम करारात नाही. मी दोन्ही तारखा दोन ओळींत ठेवल्या आणि शेजारी "परस्परविरोधी" असं लाल अक्षरांत लिहिलं. ताईनं मालकांना विचारलं. ते म्हणाले, "अरे भाभीजी, उसी दिन दे दूँगा." ते तसं करतीलही. पण तोंडी वाक्याला यादीत रकाना नाही. आपल्याला हवी ती तारीख निवडून दुसरी खोडून टाकणं ही यादी करणाऱ्याची सर्वांत मोठी चूक. ते काम सही करणाऱ्यांचं. म्हणून नव्या दस्तात एकच ओळ राहील याची आठवण नूतनीकरणाच्या ओळीला जोडली.

यादीची पहिली परीक्षा एप्रिल २०२५ मध्येच झाली. मालकांच्या मुनीमजींनी एप्रिलचं बिल ४८,३०० चं पाठवलं. त्यांनी भाडेवाढीचे छत्तीस महिने ताब्यापासून, १९ मार्चपासून मोजले होते. त्यात लबाडी नव्हती. त्यांनीही ताईसारखीच सोयीची तारीख उचलली होती. ताई फोनवर चिडायच्या बेतात होती. मी तिला म्हटलं, "काही बोलू नकोस, फक्त ती ओळ पाठव." तिनं कलम क्रमांक, कलमाचे शब्द, आधार तारीख आणि मोजणी असलेल्या ओळीचा फोटो पाठवला. संध्याकाळी ४२,००० चं दुरुस्त बिल आलं, सोबत मुनीमजींचा निरोप: "बराबर है, ४ मई से." एका महिन्याचे ६,३०० वाचले, आणि त्याहून मला महत्त्वाचं वाटलं ते हे की शब्दाला शब्द लागला नाही.

सध्या यादीत या ओळी उघड्या आहेत:

| काय | शेवटची तारीख | कामाची तारीख |
|---|---|---|
| राहायचं की हलायचं, निर्णय | (करारात नाही) | १५ जून २०२६ |
| थकबाकी नसल्याचं लेखी | (करारात नाही) | ५ ऑगस्ट २०२६ |
| नूतनीकरणाची नोटीस | १८ सप्टेंबर २०२६ | २४ ऑगस्ट २०२६ |
| नवा दस्त, संपदा | १८ मार्च २०२७ | १५ जानेवारी २०२७ |
| संयुक्त पाहणी, सोडणार असल्यास | १६ फेब्रुवारी २०२७ | १ फेब्रुवारी २०२७ |
| डिपॉझिट परत, सोडणार असल्यास | १८ मार्च किंवा २ मे २०२७ | ताबा देतानाच मागणं |

फोनच्या कॅलेंडरमध्ये आता फक्त तिसऱ्या रकान्यातल्या तारखा आहेत, आणि प्रत्येक नोंदीत यादीतली सगळी ओळ चिकटवलेली आहे. नोंदी ताईच्या फोनमध्ये आहेत, माझ्यातही आणि भाऊजींच्याही. क्लिनिकमध्ये औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून यादीची छापील प्रत आहे, कारण फोन बदलतो. १४ फेब्रुवारीची जुनी नोंद ताईनं पुसली नाही. तिच्यापुढे कंसात "सहीची तारीख, मोजणीची नव्हे" असं लिहून ठेवलंय.

लिफ्टचं काय, असं ती मधूनमधून विचारते. करारात लिफ्टच्या दुरुस्तीला मुदतच नाही, म्हणून यादीतही ती नाही. नव्या दस्ताच्या ओळीखाली मी ते लिहून ठेवलंय: बंद पडल्यापासून किती दिवसांत दुरुस्ती, आणि न झाल्यास त्या दिवसांचं भाडं कोणी सोसायचं. जूनमध्ये निर्णय घ्यायला बसू तेव्हा त्या ओळीवरून सुरुवात करायची, असं तिनं ठरवलंय.